मृत्युपत्रात कामाच्या मावशींना रान: हरकतीच्या अर्जावर सही करू का?

प्रश्न: "वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. आई आधीच गेली आहे. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. तासगाव तालुक्यात आजोबांपासूनची 4 एकर शेती, आणि सांगलीत वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं घर. चौदाव्या दिवशी काकांनी मृत्युपत्र वाचलं. घर धाकट्या भावाला, बँकेतल्या ठेवी आम्हा बहिणींना, शेतीतला वडिलांचा हिस्सा थोरल्याला. पण त्यातलं विहिरीकडचं 20 गुंठे रान आमच्याकडे वीस वर्षं कामाला असलेल्या मावशींना! घरात नुसता दंगा झाला. थोरला म्हणतो दबाव टाकून लिहून घेतलंय, तलाठ्याकडे हरकत घ्यायची. चौघांच्या सह्या पाहिजेत म्हणतो. मी सही करू का? परक्या माणसाला असं देता येतं का?"

ताई, आत्ता सही करू नका. भावाचं चूक आहे असं मी म्हणत नाही. कागद न बघता ते मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही अजून ठरवता यायचं नाही. पण त्या अर्जाने तुमचं स्वतःचं काय होतं, हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. मी सांगलीत तीस वर्षं दिवाणी वकिली करतो. मृत्युपत्रं लिहिली तेवढीच भांडलीही आहेत. माझा अनुभव असा की ज्या वाक्यावर घर पेटतं, त्या वाक्यात धोका क्वचितच असतो. तो शेजारच्या वाक्यात असतो, आणि ते कुणी ऐकलेलं नसतं.

म्हणून आधी मृत्युपत्राची नक्कल हातात घ्या. काकांनी वाचलं ते तुम्ही ऐकलंत, वाचलं नाहीत. आपल्याकडे मृत्युपत्राचं जाहीर वाचन व्हावं असा कायदाच नाही. वकिलाने टेबलाशी बसून पाकीट फोडायचं, हे सिनेमातलं. आपल्याकडे तेराव्या-चौदाव्याला पाहुणे पांगले की कुणीतरी कपाटातून कागद काढतं आणि जमेल तसं वाचतं. वाचणारा मधली वाक्यं गाळतो, "वगैरे वगैरे" म्हणतो, आणि ऐकणारे आपलं नाव येईपर्यंतच ऐकतात. मावशींना ते रान मालकी हक्काने दिलंय की त्यांच्या हयातीपर्यंत कसून खायला दिलंय? या दोन्हीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तोंडी वाचनात दोन्हीचं "दिलं" एवढंच होतं. मृत्युपत्र नोंदलेलं असेल तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला लावून दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढा. लिहून देणारा हयात असेपर्यंत ती दुसऱ्याला मिळत नाही, गेल्यानंतर कुणीही अर्ज करून काढू शकतं. त्यासाठी भावाची परवानगी लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, परक्याला देता येतं. पोटची पोरं असताना कामाच्या बाईला दिलं, एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. सगळं आपोआप वारसांकडे जाणार असतं तर मृत्युपत्र लिहायची गरजच उरली नसती. न्यायालय बघतं ते वेगळं: सही वडिलांचीच आहे का, किमान दोन साक्षीदारांनी त्यांना सही करताना बघून किंवा सही आपली असल्याचं त्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्यासमोर आपल्या सह्या केल्या का, आणि त्या वेळी त्यांना आपण काय करतोय हे कळत होतं का. साक्षीदारांपैकी निदान एकाला पुढे कोर्टात येऊन सांगावं लागतं. मृत्युपत्र नोंदवणं सक्तीचं नाही, आणि नोंदवलं म्हणून ते अभेद्यही होत नाही.

आश्चर्य वाटणं वेगळं, संशयाला जागा असणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच घालून दिलेली रीत अशी की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतं. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा: मावशी वडिलांना रिक्षात घालून निबंधकाकडे घेऊन गेल्या होत्या का? मजकूर कुणी सांगितला? मूळ कागद कुणाकडे सापडला? सही झाली तेव्हा वडील दवाखान्यात होते का, की रोज पेपर वाचत होते? यातलं बरंच काही मावशींकडे बोट दाखवत असेल तर थोरल्याच्या बोलण्यात दम आहे. पण मावशींना त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं असेल, कागद काकांच्या कपाटात असेल आणि साक्षीदार म्हणून गावचे डॉक्टर असतील, तर "दबाव" हा शब्द कोर्टात फार टिकत नाही. साक्षीदारांना आत्ताच भेटून या. त्यांची वयं झालेली असतात.

दबाव बाजूला ठेवला तरी मावशींच्या वाटेत एक खरी अडचण असू शकते, आणि ती तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. मावशी शेतकरी आहेत का? दुसऱ्याच्या रानात राबणारी या अर्थाने मी विचारत नाही. त्यांच्या स्वतःच्या नावावर, सासरची-माहेरची, कुठेतरी जमीन आहे का? कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. मृत्युपत्राने देणं यात येतं की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. 2020 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात, याच 1948 च्या मूळ मुंबई कायद्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने येतं असं म्हटलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची तरतूद कलमात आहे, पण ती मागून मिळवावी लागते. त्यांच्या नावाचा एखादा सातबारा निघाला तर हा प्रश्नच मिटला.

आता मुद्द्याची गोष्ट. वडिलांना देता येत होतं ते फक्त त्यांचं. ही 4 एकर खरोखर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर त्यात वडिलांचा एकट्याचा हक्क नव्हता. 4 एकर म्हणजे 160 गुंठे. आई आधीच गेलेली, वाटणी झालेली नाही, म्हणजे हिस्सेदार पाच: वडील आणि तुम्ही चौघं. मुलींना मुलग्यांसारखा जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि तुमचे वडील तर आत्ता गेले, त्यामुळे त्याबद्दल शंकाच नाही. प्रत्येकाचे 32 गुंठे. मृत्युपत्र चालतं ते वडिलांच्या 32 गुंठ्यांवर. त्यातले 20 मावशींना, उरलेले 12 थोरल्याला.

म्हणजे ताई, त्या शेतीत तुमचे स्वतःचे 32 गुंठे आहेत. ते मृत्युपत्राने आलेले नाहीत आणि मृत्युपत्राने जाणारही नाहीत. तुमच्या बहिणीचेही तेवढेच. चौदाव्या दिवशी सगळे मावशींच्या वीस गुंठ्यांवर तुटून पडले, पण तुम्हा दोघींच्या 64 गुंठ्यांचं नाव कुणी काढलं का?

इथे एक जर-तर आहे, तोही मोठा. आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित, असं आपण बोलतो. कायदा तसं नेहमी म्हणत नाही. जमीन आजोबांची स्वकष्टाची असेल आणि ते 1956 च्या वारसा कायद्यानंतर वारले असतील, तर ती वडिलांकडे त्यांची स्वतंत्र मिळकत म्हणून येते. 1986 पासून हे स्पष्ट आहे. तसं असेल तर 160 च्या 160 गुंठे वडिलांचे, मावशींना 20 आणि थोरल्याला 140, आणि तुमच्या वाट्याला शेतीत काही नाही. म्हणून आजोबा कधी वारले आणि जमीन त्यांच्याकडे कुठून आली, याचे फेरफार काढल्याशिवाय कुणीही तुम्हाला ठाम सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

वडिलोपार्जित धरलं तर "विहिरीकडचं" या शब्दालाही मर्यादा आहे. वाटणी न झालेल्या जमिनीत माणूस आपला हिस्सा देऊ शकतो. अमुक बांध ते अमुक बांध असं तोडून देऊ शकत नाही. मावशींना 20 गुंठे मिळाले तरी ते विहिरीकडचेच मिळतील का, हे वाटणीत ठरेल. भाऊ चिडले आहेत ते बहुतेक वीस गुंठ्यांसाठी कमी आणि विहिरीसाठी जास्त. तसं असेल तर भांडण पाण्याच्या पाळीचं आहे, आणि त्यावर तडजोड निघते.

आता हरकतीच्या अर्जाकडे या. थोरला लिहिणार, "सदर मृत्युपत्र दबावाखाली करून घेतलेले असून ते खोटे व बेकायदेशीर आहे." हे वाक्य फक्त मावशींच्या परिच्छेदाला लागत नाही. सगळं मृत्युपत्रच दबावाखाली झालं असं ठरलं की कागदच पडतो. मग वडिलांचं सगळं वारसाहक्काने चौघांत सारखं. हिशोब करून बघा. थोरल्याला 12 गुंठ्यांच्या जागी 8 मिळतील, पण शिवाय सांगलीच्या घरात पाव हिस्सा आणि ठेवींत पाव हिस्सा. तुम्हा बहिणींना ठेवींतलं निम्मं सोडावं लागेल, पण घरात पाव-पाव आणि 8-8 गुंठे येतील. आणि धाकटा? त्याला 8 गुंठे आणि ठेवींत पाव हिस्सा मिळेल, पण घराचा पाऊण हिस्सा जाईल. विहिरीच्या वीस गुंठ्यांसाठी तो स्वतःचं घर मोडायला निघालाय. हे त्याला कुणी सांगितलंय का? माझी पैज आहे, नसणार. थोरल्याच्या मनात हे आहे असा आरोप मी करत नाही; कदाचित त्यालाही सुचलेलं नसेल. पण आज कसलाही विचार न करता केलेली सही पुढे दाव्यात तुमचं म्हणणं म्हणून समोर येते.

आणखी एक. अर्जाचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. असल्या अर्जाच्या पोटात "आम्हा बहिणींचा सदर जमिनीत काही हक्क नसून भावांची नावे लागण्यास आमची हरकत नाही" अशी ओळ घातलेली मी कितीतरी वेळा बघितली आहे. नोंदणीकृत हक्कसोड पत्राशिवाय जमिनीतला हक्क सुटत नाही, पण असा जबाब दिला की तो खोडायला दहा वर्षं जातात.

माझ्याकडच्या एका प्रकरणाची हकिगत सांगतो. ओळख लागू नये म्हणून बारकावे बदलले आहेत. मिरज तालुक्यातलं गाव. म्हातारे गेले, मागे दोन मुलगे, दोन मुली. मृत्युपत्र मीच लिहिलेलं होतं, म्हणून तेराव्यानंतर वाचायला मलाच बोलावलं. सोप्यात सतरंजी घातलेली, भिंतीला फोटोवर हार, चहा झालेला. मी वाचायला लागलो. घर, शेती, दागिने, सगळे माना डोलावत होते. मग आलं: "गट नंबर अमुकपैकी 20 गुंठे माझे कैलासवासी धाकटे बंधू यांच्या पत्नीस, तिच्या पतीच्या हक्काबद्दल."

क्षणभर कुणी बोललं नाही. ही चुलती पंचवीस वर्षांपूर्वी माहेरी निघून गेलेली, मयतालाही येऊन लगेच परत गेलेली. मग थोरला म्हणाला, "ती आपली कोण?" आणि तिथून जे सुरू झालं त्यात चुलती दोन मिनिटंही टिकली नाही. थोरल्याने दहावीला शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला पुण्याला शिकायला पाठवलं, ते निघालं. धाकटा म्हणाला, "तुझ्या पोरांची फी गेली सहा वर्षं कोण भरतंय ते सांग वकिलांना." मोठी बहीण इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून होती. ती म्हणाली, "माझ्या लग्नाला काढलेलं कर्ज तीस वर्षं ऐकत्येय मी, आता तरी बास करा." धाकटीने आईच्या पाटल्या कुणाकडे आहेत ते विचारलं आणि थोरली वहिनी उठून आत गेली. मी कागदाची घडी घालून बसून राहिलो. अशा वेळी वकिलाने बोलू नये. माणसं त्या कागदाशी भांडत नसतात, आणि मध्ये बोलणारा पहिला बळी ठरतो.

पण त्या दिवशी माझी चूक झाली, तीही सांगतो. "तिच्या पतीच्या हक्काबद्दल" हे तीन शब्द मी ओघात वाचून गेलो. लिहून घेतानाही म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ विचारला नव्हता. ते म्हणाले "असंच लिहा," मी लिहिलं. चौघांनी हरकत घेतली, नोंद विवादग्रस्त रजिस्टरला गेली. मग चुलतीचा भाऊ माझ्याकडे आला. मी दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घ्यायला नकार दिला, कारण मला साक्षीला उभं राहावं लागणार होतं. पण एवढं सांगितलं, त्या गटाचे जुने फेरफार काढा.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला मिळाल्या. त्यात 1981 चा एक फेरफार होता. त्याआधी 2 एकर 20 गुंठ्यांचा तो गट म्हातारे आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्या नावे होता, निम्मा-निम्मा. विहीर पाडायला भूविकास बँकेचं कर्ज काढायचं ठरलं आणि एकाच्याच नावे कागद सोपा पडेल म्हणून धाकट्याने तलाठ्याकडे जबाब दिला, नाव कमी करा. "अर्जदार यांनी दिलेल्या जबाबावरून" एवढाच आधार लिहून त्याचं नाव गेलं. ना खरेदीखत, ना हक्कसोड. विहिरीला पाणी लागलं, कर्ज फिटलं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. धाकट्याचं नाव परत चढवायचं राहून गेलं. मग तोच वारला, आणि बायको माहेरी गेली.

आता गणित बघा. निम्मा गट म्हणजे 50 गुंठे. फेरफाराने मालकी जात नाही, ती नोंद सरकारला सारा कुणी भरायचा यासाठी असते. म्हणजे चुलतीला 50 गुंठ्यांवर दावा सांगायला जागा होती. तो जिंकलाच असता असं नाही. इतकी वर्षं ताबा दुसऱ्याचा, मुदतीचा मुद्दा निघाला असता, दोन्हीकडून वकील लागले असते. पण मृत्युपत्राने तिला 50 मधले 20 दिले होते. म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षांची बोच निम्म्याहून कमी भावात मिटवली होती, आणि पोरं तोच कागद फाडायला निघाली होती. कागद पडला असता तर चुलती 20 वर थांबायला बांधील नव्हती.

हे म्हाताऱ्यांच्या धाकट्या मुलाच्या वकिलांच्या लक्षात आलं. माहेरी चुलतीच्या नावावर थोडं जिराईत रान होतंच, त्यामुळे शेतकरी असण्याचा प्रश्न आला नाही. आठ-नऊ महिन्यांनी हरकत मागे घेतली, चुलतीकडून "यापलीकडे काही मागणी नाही" असा नोंदणीकृत दस्त करून घेतला, मोजणी झाली. थोरला आणि मोठी बहीण यांचं बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. पाटल्यांचं काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्या मावशींमागेही असंच काही असेल असं मी म्हणत नाही. वीस वर्षं राबलेल्या बाईला माणूस निव्वळ मायेनेही देतो. आजारपणात कुणी केलं, हेही त्यात असतं, आणि ते पोरांना बोचतं म्हणूनच "दबाव" हा शब्द निघतो. पण शोधा. विहिरीकडच्या त्या तुकड्याचे निदान पन्नास वर्षांचे फेरफार आणि जुने सातबारे काढा, हस्तलिखितसुद्धा. मावशींच्या नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव इतर हक्कात, कूळ म्हणून, पीकपाहणीत कुठे दिसतं का बघा. वडिलांनी त्यांच्याकडून कधी हातउसने घेतले होते का, मजुरी थकली होती का, हे काकांना विचारा. वडिलांच्या पिढीतलं माणूस हयात आहे तोवरच या प्रश्नांना उत्तर मिळतं. मावशींनाही विचारा, पण भावांना घेऊन जाऊ नका. एकट्या जा.

वेळेचं म्हणाल तर तलाठी फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकतीला 15 दिवस असतात. तेवढ्यात कागद जमले नाहीत तर हातावर हात धरून बसू नका. भावांच्या अर्जावर सही न करता स्वतःचा वेगळा, चार ओळींचा अर्ज द्या: मी मयताची मुलगी, जमीन वडिलोपार्जित असल्याने त्यात माझा स्वतंत्र हिस्सा आहे, त्यास बाधा येईल अशी नोंद करू नये. मृत्युपत्र खरं की खोटं, याबद्दल त्यात एक अक्षर लिहू नका. पोच घ्या. मृत्युपत्राच्या खरेपणाचा निकाल तलाठी किंवा मंडळ अधिकारी लावू शकत नाहीत, तो दिवाणी न्यायालयाचा प्रांत आहे, त्यामुळे तिथे तो वाद उकरून फायदा काहीच नाही. मुंबईत होतं तसं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, आपल्याकडे सांगली-साताऱ्यात सक्तीचं नव्हतंच, तेव्हा त्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर आधी कारण विचारा.

ठेवींचंही बघून ठेवा. बँकेत वारसदार म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून, एखाद्या भावाचं नाव लागलेलं असू शकतं. बँक पैसे त्याच्या हातात देईल, पण तो मालक होत नाही, मृत्युपत्राप्रमाणे ते तुम्हा बहिणींचेच राहतात. पैसे निघण्याआधी बँकेला मृत्युपत्राची प्रत जोडून पत्र दिलेलं बरं, निघाल्यावर मागत बसण्यापेक्षा.

आणि मूळ मृत्युपत्र काकांकडेच राहू द्या. "जपून राहील" म्हणून कुणी त्याला लॅमिनेशन करायला निघेल, करू देऊ नका. पुढेमागे सही तपासायला हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर प्लास्टिकखालच्या कागदावर दाबाच्या खुणा आणि शाई नीट तपासता येत नाही. भोकं पाडून फायलीला लावू नका, साध्या कागदी पाकिटात आडवं ठेवा. कृष्णेच्या पट्ट्यात घर असेल तर पावसाळ्याआधी ते वरच्या मजल्यावर हलवायला सांगा. 2019 च्या पुरात माझ्या दोन पक्षकारांची मूळ मृत्युपत्रं लगदा होऊन आली होती. एकाचं नोंदलेलं होतं, त्याचं निभावलं. दुसऱ्याचा दावा अजून चालू आहे.

नक्कल हातात आली की मावशींचा परिच्छेद आणि शेवटचा "उर्वरित मिळकत" असा काही परिच्छेद असेल तर तो, दोन्ही इथे शब्दशः टाका, नावं आणि गट नंबर काढून. मावशींचं देणं कायद्याने टिकलं नाही तर ते 20 गुंठे थोरल्याकडे जातात की चौघांकडे, हे त्या शेवटच्या परिच्छेदावर ठरेल.